भाड्याचं घर: आपण सांभाळायचं की सांभाळायला द्यायचं?

सोलापूरचे एक निवृत्त बँक अधिकारी आहेत. नोकरीत असताना त्यांनी वाकडला दोन टू-बीएचके घेतले. एक मुलासाठी होता आणि एक गुंतवणूक म्हणून. मुलगा पुढे बंगळुरूला गेला, त्यामुळे आता दोन्ही फ्लॅट भाड्याने असतात. गेल्या वर्षी त्यांच्यासमोर भाड्याची घरं सांभाळणाऱ्या एका पुणेरी संस्थेचा प्रस्ताव आला. वर्षाला एका महिन्याचं भाडं आणि त्यावर जीएसटी द्यायचा; बदल्यात भाडेकरू शोधणं, करार, पोलीस पडताळणी, भाडेवसुली, दुरुस्त्या, घर रिकामं करून घेणं हे सगळं संस्था बघणार. या गृहस्थांना हिशेबाची खोड आहे. फ्लॅटच्या प्रत्येक कामाची नोंद ते एका वहीत ठेवतात: तारीख, काम, लागलेला वेळ आणि खर्च. ती वही त्यांनी मला वाचू दिली. हा लेख बराचसा त्या वहीवर उभा आहे. त्यांचं नाव इथे नको असं ठरलं, म्हणून पुढे त्यांना सोलापूरकर म्हणतो.

‘फी परवडेल का?’ हा प्रश्न सहसा टक्क्यांत मांडला जातो. वर्षातलं एका महिन्याचं भाडं म्हणजे ८.३३ टक्के. ऐकायला हा आकडा किरकोळ वाटतो. सोलापूरकरांनी तो टक्का उलगडून पाहिला. एका फ्लॅटचं भाडं २८ हजार, म्हणजे वर्षाचे ३ लाख ३६ हजार. सोसायटीचा मेंटेनन्स महिन्याला ४ हजार, तो मालक भरतो. महापालिकेचा मिळकतकर साधारण १४ हजार. हे दोन्ही वजा जाता हातात उरतात २ लाख ७४ हजार. संस्थेची फी २८ हजार आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, मिळून ३३,०४०. म्हणजे हातात येणाऱ्या रकमेच्या बारा टक्के. फ्लॅटची आजची किंमत नव्वद लाख धरली तर फीशिवाय उत्पन्न तीन टक्क्यांच्या किंचित वर आहे. फी दिली की ते २.७ टक्क्यांच्या आत येतं. एवढ्या बारीक उत्पन्नातून बारा टक्के देताना माणूस विचार करणारच.

त्यात प्राप्तिकराचा एक मुद्दा आहे, जो प्रस्ताव घेऊन येणारे क्वचितच सांगतात. दुकानदार नोकराचा पगार खर्च म्हणून दाखवतो आणि त्यावरचा कर वाचवतो. घरभाड्याच्या उत्पन्नाला ती सोय नाही. भाड्यातून भरलेला मिळकतकर वजा होतो, उरलेल्या रकमेवर सरसकट ३० टक्के वजावट मिळते आणि कर्ज असेल तर त्याचं व्याज. रंगकाम, प्लंबर, दलाली, व्यवस्थापकाची फी हे सगळं त्या तीस टक्क्यांतच धरलेलं असतं. खर्च शून्य झाला तरी तीस टक्के मिळतात आणि लाख रुपये झाला तरी तेवढेच. म्हणजे फीचा प्रत्येक रुपया पूर्णपणे तुमच्याच खिशातून जातो.

आता वेळेकडे वळू. वहीतली दोन वर्षं मी एका फ्लॅटपुरती उतरवून घेतली. भाडेकरू टिकून आहे अशा साध्या महिन्यात नोंद एखाद-दुसरी ओळ असते. ‘५ तारीख. भाडं जमा. निरोप पाठवला.’ कधी ‘गीझरचा फोन. इलेक्ट्रिशियनला सांगितलं.’ पुढे अर्धा तास लिहिलेला. अशा वर्षात, कराराचं नूतनीकरण आणि एक मोठी दुरुस्ती धरून, सगळं मिळून वीस तासांच्या आसपास जातात. आणि मग एक पान येतं जे भरूनच वाहतं. भाडेकरूने महिन्याची नोटीस दिलेली असते. हुतात्मा एक्सप्रेसने सकाळी पुण्याला जायचं आणि घर बघायचं. भिंतीवर कुठे खिळे ठोकलेत, स्वयंपाकघरातली ट्रॉली अडकते का, बाथरूमचा नळ गळतो का, हे सगळं तपासायचं. महावितरणचं आणि पाइप गॅसचं थकीत बिल बघायचं. डिपॉझिटमधून रंगाचे किती कापायचे यावर घासाघीस करायची. रंगारी ठरवायचा, तो दोन दिवस येत नाही म्हणून पुन्हा फोन करायचे. फोटो काढायचे, तीन दलालांना पाठवायचे. मग फोन सुरू होतात: ‘बॅचलर्स चालतील का?’, ‘पार्किंग दोन आहेत का?’, ‘भाडं थोडं कमी होईल का?’ शेवटी टोकन, करार, पोलिसांकडे माहिती, सोसायटीचा फॉर्म, किल्ल्या. भाडेकरू बदलला त्या वर्षाची बेरीज पंचेचाळीस तासांच्या घरात जाते, आणि त्यातले बहुतेक तास तीन आठवड्यांत येतात.

सोलापूरकरांकडे भाडेकरू सरासरी दोन करार टिकतो, म्हणजे बावीस महिने. सोयीसाठी दोन वर्षं धरू. त्यात एक बदलाचं आणि एक शांत वर्ष येतं, म्हणजे पासष्ट तास. वर्षाला बत्तीस-तेहतीस. ३३ हजार भागिले ३३ म्हणजे तासाला हजार रुपये. पण संस्था नेमली म्हणून सगळेच तास वाचत नाहीत. भाडेकरू पसंत करायचा तो शेवटी मालकालाच. रंगाच्या खर्चाला होकार द्यायचा असतो, बिलं तपासायची असतात, आणि संस्थेकडे पाठपुरावा करणं हेही एक कामच असतं. एक तृतीयांश वेळ तरीही जातोच असं धरलं, तर वाचलेल्या तासाची किंमत दीड हजार रुपयांवर जाते. “निवृत्त माणसाच्या तासाला एवढा भाव कोण देतं?” असं सोलापूरकर म्हणाले, आणि मग थोडं थांबून, “पण ते तीन आठवडे बायको माझ्याशी बोलत नाही, त्याचा भाव वेगळा.”

इथपर्यंतचा हिशेब कोणीही करेल. मला वाटतं तो चुकीच्या जागी बघतो. घरमालकाचं काम वर्षभर सारखं वाटलेलं नसतं. बहुतेक महिने काहीच नसतं आणि एका बदलाच्या वेळी सगळं अंगावर येतं. उलट फी मात्र वर्षभराची असते, किंवा दरमहा ठरावीक टक्क्यांनी कापली जाते. म्हणजे ज्या कामाला वेळ लागतच नाही त्याचे आपण बाराही महिने पैसे देतो. भाडेवसुली हे एकेकाळी खरोखर काम होतं. मुंबईतल्या चाळींत मालकाचा मेहताजी दर महिन्याला खोल्या फिरायचा आणि पावत्या फाडायचा. आज भाडेकरूच्या बँकेतून पाच तारखेला रक्कम आपोआप येते. तेव्हा संस्थेला विचारायचा खरा प्रश्न एकच उरतो: भाडेकरू बदलताना माझं घर किती दिवस रिकामं राहील?

कारण रिकाम्या घराचा दिवस महाग असतो. २८ हजारांचं भाडं म्हणजे दिवसाला ९३३ रुपये बुडतात. संस्थेची वर्षाची फी या आकड्याने भागली की उत्तर येतं ३५ दिवस. भाडेकरू दर वर्षी बदलत असेल, तर तुमच्यापेक्षा ३५ दिवस आधी घर भरून देणारी संस्था आपली फी स्वतःच फेडते. पण भाडेकरू दोन वर्षं टिकत असेल, तर दोन फिया एका बदलावर वसूल व्हायला हव्यात. म्हणजे संस्थेने तुमच्यापेक्षा ७१ दिवस वाचवून दाखवले पाहिजेत. सोलापूरकरांच्या वहीत घर सर्वांत जास्त रिकामं राहिल्याची नोंद ४० दिवसांची आहे, तीही दिवाळीच्या आगेमागे. जिथे एकूण चाळीसच दिवस गेलेत तिथे एकाहत्तर वाचवणार कुठून? हिंजवडीतल्या कंपन्यांमुळे वाकड, भूमकर चौक, डांगे चौक या पट्ट्यात भाडेकरूंचा दुष्काळ नसतो. हाच फ्लॅट मागणी तुरळक असलेल्या भागात असता तर उत्तर कदाचित उलटं आलं असतं.

एक गोष्ट या हिशेबात मी मुद्दाम धरलेली नाही, ती म्हणजे दलाली. स्वतः सांभाळणारा मालकही नव्या भाडेकरूसाठी दलालाला पैसे देतोच. पंधरा दिवसांचं भाडं असो की महिन्याचं. ती दोन्ही बाजूंना सारखी धरून वगळली. पण संस्थेच्या करारात ती कुठे बसते हे डोळ्यांत तेल घालून वाचायला हवं. काही ठिकाणी वर्षाच्या फीत नवा भाडेकरू शोधणं धरलेलं असतं. काही ठिकाणी फी वेगळी आणि नव्या भाडेकरूमागे महिन्याचं भाडं वेगळं. ही दुसरी पद्धत मला खटकते. भाडेकरू टिकला तर संस्थेला वर्षाचे २८ हजार मिळतात, गेला तर ५६ हजार, शिवाय नव्या भाडेकरूकडूनही दलाली. मालकाचं नुकसान तेच त्यांचं उत्पन्न. अशी संस्था मुद्दाम भाडेकरू घालवते असं मी म्हणत नाही. पण जुना भाडेकरू ‘दोन हजारांऐवजी हजार वाढवा, मी राहतो’ म्हणाला, तर त्याची बाजू तुमच्यापर्यंत किती मनापासून पोचवली जाईल याचा अंदाज ज्याने त्याने करावा.

वाकडमध्येच अशी घरं सांभाळणाऱ्या एका तरुणाशी बोललो. त्याच्याकडे साठेक घरं आहेत आणि हाताखाली एक मुलगा. वर्षाला घरामागे महिन्याचं भाडं धरलं तर सोळा-सतरा लाखांची उलाढाल होते. त्यातून ऑफिसचं भाडं, मुलाचा पगार, पेट्रोल. “फीवर नाही भागत, काका,” तो सरळ म्हणाला. मग भागतं कशावर? दलालीवर, आणि दुरुस्त्यांवर. प्लंबरने आठशे घेतले की मालकाला हजाराचं बिल जातं. त्यात त्याला काही लपवण्यासारखं वाटत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही फारसं गैर वाटलं नाही, जर ते आधी सांगितलेलं असेल तर. धंदा मोठा केला की तो सोपा होतो असंही नाही. २०१५ साली बंगळुरूत सुरू झालेल्या नेस्टअवेने हेच काम अनेक शहरांत, मोठ्या गुंतवणूकदारांच्या पैशावर करून पाहिलं. २०२३ मध्ये ती कंपनी सुमारे ९० कोटींना ऑरम प्रॉपटेकने घेतली. घर सांभाळणं हे तंत्रज्ञानाने स्वस्त होणारं काम नाही. गळका नळ बघायला कोणाला तरी जावंच लागतं.

या धंद्यावर देखरेख कोणाची, हेही माहीत असावं. महारेराची नोंदणी असलेले एजंट म्हणजे नोंदणीकृत प्रकल्पांतल्या खरेदी-विक्रीचे मध्यस्थ. भाड्याची घरं सांभाळण्यासाठी महाराष्ट्रात तसा कुठलाही परवाना लागत नाही. केंद्राने २०२१ मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात घर व्यवस्थापकाची व्याख्या आहे आणि त्याची कामंही सांगितली आहेत: पावती देऊन भाडं घेणं, गरजेच्या दुरुस्त्या करणं, वेळोवेळी घर तपासणं. पण तो मसुदा राज्यांनी स्वीकारायचा आहे. आपल्याकडे चालतो तो १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, आणि त्याला फक्त मालक आणि भाडेकरू दिसतात. करार नोंदवण्याची जबाबदारी कलम ५५ नुसार मालकाची आहे. नोंदवला नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, आणि वाद झाल्यास अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं आधी ग्राह्य धरलं जातं. ‘संस्थेने नोंदवला नाही’ हे उत्तर तिथे चालत नाही.

या नोंदणीची भीती बाळगून अनेक जण संस्थेकडे जातात. ती भीती जुन्या काळची आहे. लिव्ह अँड लायसन्सचा करार आता ऑनलाइन नोंदवता येतो. नोंदणीचं काम करणारा माणूस अंगठ्याचं यंत्र आणि कॅमेरा घेऊन घरी येतो, आणि मालक-भाडेकरूंची ओळख आधारवरून पटवली जाते. दोघे वेगवेगळ्या गावी असले तरी चालतं. सोलापूरकर सोलापुरात अंगठा देतात, भाडेकरू वाकडला. मुद्रांक शुल्क असतं पाव टक्का: मुदतीतलं सगळं भाडं आणि डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्क्यांनी धरलेलं व्याज या बेरजेवर. २८ हजार भाडं, एक लाख डिपॉझिट, अकरा महिने: ३ लाख ८ हजार आणि ९,१६७ मिळून ३ लाख १७ हजार, त्याचा पाव टक्का साधारण आठशे रुपये. शहरी भागात नोंदणी फी एक हजार. वर त्या माणसाची मजुरी.

आणि अकरा महिनेच का? एक वर्षाहून कमी मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची नाही, या नोंदणी कायद्यातल्या जुन्या सवलतीमुळे ही सवय लागली. मार्च २००० पासून महाराष्ट्रात मुदत कितीही असली तरी नोंदणी करावीच लागते. सवलत गेली तरी सवय राहिली. पाव टक्क्याचा दर साठ महिन्यांपर्यंत तोच आहे. बावीस किंवा तेहतीस महिन्यांचा करार करून त्यात दर वर्षी पाच टक्के वाढ लिहिली, तर नूतनीकरणाचे तास आणि नोंदणीची फी दोन्ही वाचतात. त्याला एक तोटा आहे. भाडेकरू घर सोडत नसेल तर भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ नुसार सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं. तिथली प्रक्रिया दिवाणी दाव्यापेक्षा आटोपशीर आहे. भाडेकरूला बाजू मांडायची परवानगी तीस दिवसांत मागावी लागते, आणि मुदतीनंतर राहिल्याबद्दल दुप्पट दराने भरपाई मागता येते. पण हा रस्ता सरळ खुला होतो तो कराराची मुदत संपल्यावर. लांबच्या करारात ती तारीख लांब जाते. म्हणून नव्या माणसाशी अकरा महिने आणि माणूस पारखला की पुढचा करार लांबचा, ही सोलापूरकरांची रीत मला शहाणपणाची वाटली. या सगळ्यात लक्षात घेण्यासारखं हे, की भाडेकरू अडून बसला तर मालकाला वाचवतो तो नोंदवलेला करार. संस्था त्या वेळी फार तर वकिलाचा नंबर देते.

मग संस्था किंवा सगळं स्वतः, एवढेच दोन पर्याय आहेत का? मराठी घरांत तिसरा पर्याय असतोच: पुण्यातला भाचा. सोलापूरकरांचाही होता. तो किल्ल्या ठेवायचा, घर दाखवायचा, प्लंबरला आत घ्यायचा. त्याला पैसे देणं बरं दिसत नाही म्हणून दर खेपेला चादरी आणि शेंगाची चटणी जायची. दोन वर्षांनी भाचा फोन उचलेनासा झाला, आणि बहिणीकडच्या एका लग्नात विषय निघाला तो वाईट निघाला. फुकटच्या व्यवस्थापकाचं बिल उशिरा येतं आणि ते नात्यात फेडावं लागतं.

त्यानंतर सोलापूरकरांनी कामाचे तुकडे पाडले. दाखवणं दलालाकडे. तसंही दलाली द्यायचीच आहे, मग किल्ली त्याच्याकडे फक्त घर रिकामं असतानाच. करार नोंदणीवाल्याकडे. दुरुस्त्यांसाठी सोसायटीत नेहमी येणारा प्लंबर आणि इलेक्ट्रिशियन. भाडेकरूने थेट त्यांना बोलवायचं, हजारापर्यंतचं काम न विचारता करायचं आणि बिलाचा फोटो पाठवून पुढच्या भाड्यातून वळतं करायचं. या एका अटीने निम्मे फोन बंद झाले. उरलं ते घर ताब्यात देणं आणि घेणं. हे काम मात्र ते कोणाला देत नाहीत. भाडेकरू येताना प्रत्येक खोलीचा चालता व्हिडिओ काढायचा: नळ सोडून, दिवे लावून, कपाटं उघडून. तो दोघांच्या फोनवर ठेवायचा. जाताना तोच व्हिडिओ लावून घरातून फिरायचं. डिपॉझिटचा वाद पूर्वी आठवडाभर चालायचा, आता तासाभरात मिटतो. बदलाच्या वर्षाचे पंचेचाळीस तास पंचवीसवर आले, आणि संस्थेची फी शून्य.

या पद्धतीला एक मर्यादा आहे: ओल. खालच्या मजल्यावरच्या छताला पाणी उतरलं की तुकड्यांत वाटलेलं काम कोलमडतं. बाथरूमची फरशी उकरायची, जलरोधक थर द्यायचा, चोवीस तास पाणी साठवून बघायचं, भाडेकरूची तेवढे दिवस दुसरी सोय लावायची, खालच्या मालकाची समजूत घालायची. हे दूरवरून होत नाही आणि प्लंबरवर सोडताही येत नाही. सोलापूरकर अशा वेळी आठवडाभर पुण्यात येऊन राहिले. ज्याला ते शक्य नाही, त्याने फीचा विचार याच प्रसंगासाठी करावा. आणि संस्थेशी बोलताना प्रश्नही हाच विचारावा: ‘गेल्या वर्षी ओलीचं काम कोणत्या घरात केलंत? त्या मालकाचा नंबर द्या.’ नंबर देताना जी चालढकल होते त्यावरून बरंच कळतं.

संस्था नेमायचीच असेल तर पैशाची वाट आधी बघावी. भाडं भाडेकरूच्या खात्यातून थेट मालकाच्या खात्यात आलं पाहिजे आणि डिपॉझिटही मालकाकडेच. ‘आम्ही गोळा करून महिन्याच्या दहा तारखेला पाठवतो’ ही सोय वाटते, पण फसवणुकीचा ठरलेला मार्ग तिथूनच सुरू होतो. मध्यस्थ मालकाला सांगतो, भाडेकरू महिन्याला तीस हजार देईल. भाडेकरूला सांगतो, आठ-दहा लाख हेवी डिपॉझिट द्या, भाडं नाही. डिपॉझिट खिशात घालून त्यातूनच तो मालकाला दरमहा तीस हजार पाठवत राहतो. काही महिने सगळं सुरळीत. मग एक दिवस पैसे थांबतात, मध्यस्थ गायब होतो, आणि घरात बसलेला माणूस लाखोंची पावती दाखवतो. हे ओळखायला अवघड नाही. करार मालक आणि भाडेकरू यांच्यातच झालेला असावा, आणि त्याची इंडेक्स टू नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर स्वतः बघावी. त्यात भाडं आणि डिपॉझिट लिहिलेलं असतं. शिवाय पहिल्याच आठवड्यात भाडेकरूशी एकदा फोनवर बोलावं. संस्थेला त्यात अडचण वाटत असेल तर तेच उत्तर समजावं.

आता दुसऱ्या टोकाचं उदाहरण. टोरांटोत राहणाऱ्या एका ताईंचा बाणेरला फ्लॅट आहे, भाडं ४५ हजार. त्यांच्यासाठी हुतात्मा एक्सप्रेस नाही आणि रात्री दोनला गीझरचा फोन उचलायची त्यांची तयारी नाही. पण त्यांची खरी अडचण वेगळीच निघाली. मालक अनिवासी असेल तर भाडेकरूने भाड्यातून कर कापायचा असतो, आणि तो ३१.२ टक्के. ४५ हजारांतून १४,०४० सरकारकडे आणि ताईंच्या एनआरओ खात्यात ३०,९६०. इथे किमान भाड्याची कुठली सूट नाही. भाडं दहा हजार असलं तरी कपात करायचीच. त्यासाठी भाडेकरूला टॅन नंबर काढावा लागतो, दर महिन्याला कर भरावा लागतो आणि दर तिमाहीला विवरण. कापला नाही तर कसूरदार भाडेकरू ठरतो. एवढं ऐकलं की चांगला नोकरदार भाडेकरू शेजारच्या विंगमधला फ्लॅट घेतो.

गंमत म्हणजे ताईंचा प्रत्यक्ष कर शून्य आहे. ५ लाख ४० हजारांतून मिळकतकराचे वीस हजार वजा, उरलेल्यावर तीस टक्के वजावट, की करपात्र रक्कम येते ३ लाख ६४ हजार. भारतात दुसरं उत्पन्न नसल्याने नव्या करपद्धतीतल्या चार लाखांच्या मर्यादेत ती बसते. कापलेले एक लाख अडुसष्ट हजार विवरणपत्र भरल्यावर परत मिळतात, पण तोवर अडकून पडतात. कमी दराने कपात करण्याचं प्रमाणपत्र प्राप्तिकर खात्याकडून आधीच घेता येतं, फक्त त्यासाठी इथे कागद घेऊन धावणारं कोणीतरी हवं.

ताईंनी व्यवस्थापक नेमला आणि तो निर्णय मला बरोबर वाटतो. त्याला दिलेलं मुखत्यारपत्र मर्यादित आहे: करारावर सही, त्याची नोंदणी, पोलीस आणि सोसायटीचे अर्ज. विक्री, गहाण, पैसे स्वीकारणं यातलं काही नाही. टोरांटोच्या भारतीय वकिलातीत साक्षांकित करून ते इथे आल्यावर तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरलं. फी वर्षाला एका महिन्याचं भाडं, दलाली त्यातच, दुरुस्तीचं बिल मूळ कारागिराच्या नावाचं, आणि दोन्ही बाजूंना महिनाभराच्या नोटिशीने मोकळीक.

त्या माणसाने फी कमावली ती एकाच कामात. कर कापायचं नाव काढताच दोन भाडेकरू परत गेल्यावर त्याने फ्लॅट नोकरदारांना दाखवणंच थांबवलं आणि कंपनी लीजच्या मागे लागला. बाहेरगावहून येणाऱ्या अधिकाऱ्यांसाठी घरं घेणाऱ्या कंपन्यांकडे टॅन आधीपासून असतो, आणि कर कापणं हे त्यांच्या लेखा विभागाचं रोजचं काम. जीएसटी नोंदणी असलेल्या कंपनीला राहत्या घराच्या भाड्यावर १८ टक्के जीएसटी स्वतः भरावा लागतो, म्हणून तिने भाड्यात दीड हजार कमी करून मागितले. ताईंनी रात्री हिशेब केला: दीड हजार गुणिले बारा म्हणजे अठरा हजार. रिकाम्या घराचे, बाणेरच्या दराने, बारा दिवस. सकाळी त्यांनी होकार कळवला.